इथे कोणता ईमेल दिला होता?

पासवर्ड विसरला की आपण `Forgot password` वर टॅप करतो, ईमेलचा पत्ता टाकतो आणि लिंकची वाट पाहतो. स्क्रीनवर उत्तर येतं की या पत्त्यावर खातं असेल तर लिंक पाठवली आहे. बऱ्याच वेबसाइट हे उत्तर मुद्दाम मोघम ठेवतात. खातं आहे की नाही हे सरळ सांगितलं, तर कुणीही हजारो पत्ते एकामागून एक टाकून कुणाकुणाची इथे खाती आहेत याची यादी तयार करू शकेल. म्हणून पत्ता बरोबर असो की चुकीचा, उत्तर एकच. ही खबरदारी योग्य आहे, पण तिचा त्रास खऱ्या मालकाला होतो. पंधरा मिनिटं झाली, लिंक आली नाही. मेल उशिरा येतोय, स्पॅममध्ये गेलाय, की या सेवेला आपण हा पत्ता कधी दिलाच नव्हता? बाहेरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

खातं परत मिळवण्याचं काम शेवटी दोन प्रश्नांवर येऊन ठेपतं. इथे कोणता पत्ता दिला होता? आणि त्या पत्त्यावर आलेला मेल आज माझ्या हाती पडेल का? पासवर्ड कितीही पक्का असला तरी या प्रश्नांना तो उपयोगी पडत नाही. त्यांची उत्तरं ठरतात ती खातं उघडताना, साइन-अपच्या त्या अर्ध्या मिनिटात आपण कोणता पत्ता कसा लिहिला यावर.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा फोन एसटी स्टँडवर चोरीला गेला. त्याच नंबरचं नवं सिम मिळालं, नवा फोनही आला. फोनने जीमेलचा पासवर्ड विचारला आणि बाईंना तो माहीतच नव्हता, कारण ते खातं पहिला फोन घेताना दुकानातल्या मुलाने उघडून दिलं होतं. नशिबाने मोबाइल नंबर त्या खात्याला जोडलेला होता, त्यामुळे ओटीपीवर ते उघडलं. वीजबिलाचं खातंही याच पत्त्यावर निघालं. पण ऑनलाइन पुस्तकं मागवायचं त्यांचं जुनं खातं काही सापडेना. ते कधीकाळी सायबर कॅफेत उघडलेल्या एका वेगळ्याच मेलपेटीवर होतं, आणि ती पेटी वर्षानुवर्षं न वापरल्याने बंद झाली होती. म्युच्युअल फंडाला तर मुलाच्या ऑफिसचा पत्ता दिलेला होता. मुलाने ती नोकरी सोडली आणि तो पत्ताही गेला. प्रत्येक ठिकाणी स्क्रीन सांगत होती की लिंक पाठवली आहे. फंडाचं काम अखेर त्यांच्या कार्यालयात पॅन कार्डची प्रत आणि सही केलेला अर्ज देऊन झालं, पुस्तकांचं खातं सोडून द्यावं लागलं.

यात कुणी हलगर्जीपणा केला असं म्हणता येणार नाही. ज्या दिवशी जो मदतीला होता, त्याने हाताशी असलेला पत्ता टाकला. आपल्याकडे बहुतेक घरांत खाती अशीच उघडली जातात.

अशा घरासाठी मला पटलेली व्यवस्था दोन मेलपेट्यांची आहे. पहिली मुख्य. ती बँक, आयकर, पेन्शन, डिजिलॉकर आणि गुंतवणुकीसाठी. हा पत्ता दुकानं, ॲप, कूपनं, मॉलमधलं वाय-फाय यांपैकी कुणालाही द्यायचा नाही. दुसरी साइन-अपची, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठी. दोन्ही पत्त्यांची नावं सहज वेगळी ओळखू येतील अशी ठेवावीत. `tumchenav` आणि `tumchenav1` अशी जोडी घेतली तर फोनवर सांगताना आणि अर्जावर लिहिताना घोटाळा व्हायचाच.

एवढ्यानेच पहिला प्रश्न बराच सोपा होतो. पैशांशी संबंधित खातं असेल तर पहिला पत्ता, नाहीतर दुसरा. तिसरी शक्यताच नाही. आणखी एक फायदा मला त्याहून मोलाचा वाटतो. साइन-अपच्या पत्त्यावर ‘तुमचं बँक खातं गोठवण्यात आलं आहे, केवायसी करा’ असा मेल आला, तर तो खोटा आहे हे न उघडताच कळतं, कारण बँकेला तो पत्ता ठाऊकच नाही. मेलमधलं चिन्ह, भाषा, लिंक हे काही तपासत बसावं लागत नाही. मुख्य पत्त्यावर आलेला प्रत्येक मेल खरा असतो असं मात्र नाही. तिथली सावधगिरी तशीच ठेवायची.

आता एलियसकडे वळू. एलियस म्हणजे त्याच मेलपेटीचं दुसरं नाव. एका घराच्या दारावर चार पाट्या लावल्या तरी पोस्टमन पत्र त्याच घरात टाकतो, तसं. यातला सर्वांत सोपा प्रकार अधिक चिन्हाचा. जीमेल, आउटलुक डॉट कॉम, आयक्लाउड, प्रोटॉन या सेवांमध्ये आपल्या नावापुढे अधिक चिन्ह आणि त्यापुढे कुठलाही शब्द लिहिता येतो:

```
tumchenav@gmail.com
tumchenav+vij@gmail.com
tumchenav+pustake@gmail.com
```

तिन्ही पत्त्यांवरचा मेल एकाच पेटीत येतो. आधी कुठे नोंदणी करावी लागत नाही, सेटिंग बदलावी लागत नाही. पत्र पोहोचवताना मेल सर्व्हर अधिक चिन्हापासून पुढचा भाग बाजूला ठेवतो आणि उरलेल्या नावाची पेटी शोधतो. मेलच्या `To` या ओळीत मात्र पूर्ण पत्ता जसाच्या तसा राहतो. सगळा उपयोग त्या ओळीत आहे.

या प्रकाराची कीर्ती झाली ती गळती पकडण्यासाठी. जुलै 2012 मध्ये ड्रॉपबॉक्सच्या काही ग्राहकांनी तक्रार केली की फक्त ड्रॉपबॉक्सलाच दिलेल्या पत्त्यांवर त्यांना स्पॅम येतोय. कंपनीने चौकशी केली आणि महिनाअखेर सांगितलं की एका कर्मचाऱ्याचा चोरलेला पासवर्ड वापरून कुणीतरी ग्राहकांचे पत्ते असलेल्या एका फाइलपर्यंत पोहोचलं होतं. प्रत्येक सेवेला वेगळा पत्ता दिल्यामुळे ग्राहकांना ही गळती बाहेरून दिसली. पण हा माग आता हमखास लागेलच असं धरू नये, कारण अधिक चिन्ह आणि त्यापुढचा शब्द खोडून मूळ पत्ता काढणं यादी विकणाऱ्याला अगदी सोपं आहे. मला या एलियसचा खरा उपयोग वाटतो तो खाती परत मिळवताना. प्रत्येक खातं उघडल्यावर येणाऱ्या स्वागताच्या मेलवर त्या खात्याचा पत्ता आपोआप नोंदला जातो. वर्षांनंतर जीमेलमध्ये `to:tumchenav+pustake@gmail.com` असं शोधलं की त्या सेवेकडून आलेले मेल समोर येतात आणि आपण काय पत्ता दिला होता हे अक्षराअक्षराने कळतं.

अक्षराअक्षराने हे महत्त्वाचं, कारण इथेच लोक अडकतात. जीमेलच्या दृष्टीने वरचे तिन्ही पत्ते एकच, पण वेबसाइटच्या दृष्टीने ते तीन वेगळी माणसं. खातं `+pustake` लावून उघडलं असेल आणि पासवर्ड बदलताना तुम्ही नुसतं `tumchenav@gmail.com` टाकलंत, तर बहुतेक वेबसाइटना असं खातं सापडत नाही. त्या ते सांगतही नाहीत, मोघम उत्तर देतात. जीमेलमध्ये नावातल्या टिंबांचंही तेच होतं. `tumche.nav` आणि `tumchenav` या दोन्हींचा मेल एकाच पेटीत पडतो, पण नेटफ्लिक्ससारख्या सेवेला ते दोन ग्राहक वाटतात. 2018 मध्ये एका संगणकतज्ज्ञाने याचा धोका दाखवून दिला. त्याच्या पत्त्यात एक टिंब वाढवून कुणीतरी नेटफ्लिक्सचं खातं उघडलं होतं. कार्ड नाकारलं गेल्यावर ‘पैसे भरण्याची माहिती अद्ययावत करा’ असा नेटफ्लिक्सचा खराखुरा मेल त्याच्या पेटीत आला, आणि तो परक्याच्या खात्यात आपलं कार्ड घालण्याच्या बेतात होता. त्यामुळे माझा आग्रह असा की टिंबांचे खेळ करू नयेत. नाव एकाच तऱ्हेने लिहावं, बदल असेल तो फक्त अधिक चिन्हानंतर.

त्या चिन्हानंतर काय लिहायचं याचा नियम एकदाच ठरवावा आणि मग त्यात हुशारी करू नये. सेवेचं नाव, तिच्या वेबपत्त्यात असतं तसं, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही, साल नाही. असा नियम असला की वही हरवली, जुने मेल पुसले गेले, तरी पत्ता पुन्हा मनात जुळवता येतो. तरीही कंपन्या नावं बदलतात. आयडिया आणि व्होडाफोन 2018 मध्ये एकत्र आल्या आणि 2020 मध्ये ‘व्ही’ झाल्या. ज्याने `+idea` दिलं होतं तो आज `+vi` टाकून बघेल आणि लिंकची वाट पाहत बसेल. म्हणून वही हवीच. प्रत्येक ओळीत सेवेचं नाव, तिला दिलेला पूर्ण पत्ता, आणि खातं कसं उघडलं ते, म्हणजे पासवर्ड टाकून, की ‘गुगलने साइन इन’चं बटण दाबून. त्या बटणाने उघडलेल्या खात्याला अनेकदा स्वतःचा पासवर्डच नसतो, आणि माणूस नसलेला पासवर्ड बदलायचा प्रयत्न करत राहतो. वहीत पासवर्ड लिहायचे नाहीत, त्यामुळे ती घरातल्या कपाटात कागदावर ठेवायला हरकत नाही.

अधिक चिन्हाची अडचण वेगळीच आहे. ईमेलच्या नियमांत ते चिन्ह पूर्णपणे वैध आहे, पण अनेक वेबसाइटच्या अर्जात पत्ता तपासणारा कोड घाईत लिहिलेला असतो आणि तो ‘अवैध ईमेल’ म्हणून थांबवतो. ही अडचण निदान तिथल्या तिथे दिसते. नुसता साइन-अपचा पत्ता द्यायचा आणि वहीत ‘चिन्ह चाललं नाही’ असं लिहायचं. खरा घोटाळा होतो तो अर्धवट चालल्यावर. नोंदणीच्या पानाने पत्ता स्वीकारला, पण त्याच कंपनीचं ॲप लॉगिन करताना तो नाकारतं. किंवा मेलमधली लिंक दाबली की ‘खातं सापडलं नाही’ असं येतं. त्यामागचं कारण छोटंसं आहे. वेबपत्त्यात प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिक चिन्ह आलं तर सर्व्हर ते बहुधा रिकामी जागा म्हणून वाचतो. ते खरोखर पाठवायचं असेल तर `%2B` असं लिहावं लागतं, आणि लिंक तयार करणारा ते विसरला की `tumchenav+pustake` चं `tumchenav pustake` होतं.

यावर मी सगळ्यांना एकच परीक्षा करायला सांगतो. नवं खातं उघडलं की लगेच लॉगआउट करा आणि पासवर्ड माहीत असतानाच `Forgot password` एकदा पुरं करून पाहा. लिंक आली, उघडली, नवा पासवर्ड लागला, ॲपमध्येही चालला, म्हणजे हा पत्ता या सेवेला झेपतो. नाही झेपला तर खात्यात अजून काहीच साठलेलं नाही. साध्या पत्त्याने नवं उघडायला दोन मिनिटं लागतात. हेच पाच वर्षांनी, फोन हरवलेला असताना कळलं तर मार्ग काढणं फार कठीण.

साइन-अपच्या पेटीत जाहिराती भरपूर येतात, त्यामुळे रिसेटची लिंक त्यात बुडू नये याची सोय करावी. जीमेलमध्ये हे संगणकावरूनच होतं, फोनच्या ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही. शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबायचं, `To` मध्ये एलियस लिहायचा, `Create filter` दाबायचं आणि `Apply the label` व `Never send it to Spam` या दोन चौकोनांवर खूण करायची. प्रत्येक दुकानासाठी हे करत बसू नये. ज्यांची खाती गमावली तर खरोखर नुकसान होईल अशा पाच-सहा सेवांपुरतं पुरे.

एलियसचा दुसरा प्रकार मूळ नावाचा मागमूस न ठेवणारा. ॲपलचं `Hide My Email`, मोझिलाचं फायरफॉक्स रिले, डकडकगोचे `@duck.com` वर संपणारे पत्ते, सिंपललॉगिन, या सगळ्या सेवा अर्थ नसलेला पत्ता बनवून देतात आणि त्यावर आलेला मेल आपल्या पेटीकडे पाठवतात. कुणी त्रास द्यायला लागला तर तो एक पत्ता बंद करता येतो. गोपनीयतेसाठी हे अधिक चिन्हापेक्षा कितीतरी सरस आहे. पण खातं परत मिळवताना याची नेमकी उलटी बाजू दिसते. विस्कळीत अक्षरांचा पत्ता कुणाच्या लक्षात राहत नाही, नियमाने जुळवताही येत नाही. त्याची यादी फक्त ती सेवा ठेवते. आयफोनवर ती सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली आयक्लाउडच्या भागात सापडते, म्हणजे ॲपल खात्यातच शिरता येत नसेल तर यादीही गेली. शिवाय मेल आता दोन कंपन्यांच्या हातून येतो. मधली कंपनी बंद पडली किंवा आपण चुकून तो पत्ता बंद केला, तर पुढच्या पेटीत काही कमी-जास्त झाल्याचं कळतही नाही, मेल फक्त यायचे थांबतात. म्हणून बँक, कर, विमा यांना असा पत्ता कधीच देऊ नये. एकदाच काही डाउनलोड करायचं आहे, स्पर्धेत नाव द्यायचं आहे, अशा ठिकाणी तो उत्तम.

आता दुसरा प्रश्न. पत्ता आठवला, पण पेटी जिवंत आहे का? साइन-अपसाठी वेगळी पेटी ठेवण्यातला सर्वांत मोठा धोका हाच, की तिच्याकडे कुणी बघत नाही. गुगलने मे 2023 मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकली जातील, आणि डिसेंबर 2023 पासून ते सुरू झालं. मेल वाचणं, पाठवणं, त्या खात्याने यूट्यूब पाहणं हे वापरात धरलं जातं. नुसतं दुसरीकडे फॉरवर्ड लावून पेटी विसरून जाण्यावर मात्र विसंबू नये. दोन्ही पेट्या फोनच्या एकाच मेल ॲपमध्ये जोडून ठेवल्या की हा प्रश्न आपोआप मिटतो, कारण येताजाता दोन्ही उघडल्या जातात.

काढून टाकलेलं जीमेलचं नाव गुगल पुन्हा दुसऱ्या कुणाला देत नाही. सगळीकडे असं नसतं. याहूने 2013 मध्ये वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना वाटली, आणि काही नव्या मालकांच्या पेटीत आधीच्या मालकांचे खासगी मेल येऊ लागले. म्हणजे आधीच्या मालकाच्या खात्यांच्या रिसेट लिंकही परक्याच्या हाती पडण्याचा धोका. यावर उपाय म्हणून याहू आणि फेसबुक यांनी मेलमध्ये एक खास ओळ घालण्याची पद्धत काढली. ‘हा पत्ता अमुक तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच हा मेल द्या’ असं ती ओळ सांगते. मोबाइल नंबरचं तर आपल्याकडे आजही तसंच आहे. ट्रायने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितल्याप्रमाणे बंद केलेला नंबर किमान 90 दिवस नव्या ग्राहकाला देत नाहीत. त्यानंतर तो देता येतो. रिचार्ज न केल्याने सुटलेला नंबर जर मेलपेटीचा रिकव्हरी नंबर असेल, तर तिचा ओटीपी पुढे कुणाच्या फोनवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

म्हणून दोन पेट्या उघडल्यावर त्यांची रिकव्हरी कुठून कुठे जाते हे कागदावर बाण काढून पाहावं. साइन-अपच्या पेटीचा रिकव्हरी ईमेल मुख्य पत्ता असावा. मुख्य पत्त्याचा रिकव्हरी ईमेल मात्र साइन-अपची पेटी कधीच नसावी. तसं केलं की दोन्ही एकमेकींकडे बोट दाखवत राहतात, आणि फोन चोरीला गेल्यावर दोन्ही एकदमच बंद होतात. त्याहून वाईट म्हणजे बेफिकिरीने सांभाळलेल्या पेटीत शिरलेला माणूस तिच्यातून मुख्य पेटीत जाऊ शकतो. मुख्य पत्त्यासाठी जोडीदाराचा किंवा मुलाचा वैयक्तिक पत्ता द्यावा, ऑफिसचा किंवा कॉलेजचा नको. आणि गुगलच्या दोन टप्प्यांच्या पडताळणीत `Backup codes` मिळतात, आठ अंकी दहा कोड. ते छापून कपाटात ठेवावेत. एक कोड एकदाच चालतो. फोन आणि सिम दोन्ही गेलेले असताना दुसरा टप्पा पार करायला ते उपयोगी पडतात. पासवर्ड मात्र तरीही लागतोच.

जुनी खाती या व्यवस्थेत आणायची तर सगळी एकदम हलवायला जाऊ नये. जुन्या पेटीत हा शोध टाकला की कुठे कुठे खाती आहेत ते बरंचसं दिसतं:

```
subject:(welcome OR verify OR registered)
```

त्यातून आधी मरू घातलेल्या पत्त्यांवरची खाती काढायची, म्हणजे ऑफिसचा पत्ता, कॉलेजचा पत्ता, क्वचित उघडली जाणारी जुनी पेटी. पत्ता बदलताना अनेक सेवा जुन्या पत्त्यावर ओटीपी पाठवतात, त्यामुळे ती पेटी चालू आहे तोवरच हे होऊ शकतं. नोकरी सोडणाऱ्याने हे काम नोटिस पिरियडच्या पहिल्या आठवड्यात करावं, कारण शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करताना कुणालाच त्यासाठी वेळ नसतो. मुख्याध्यापिका बाईंनी हाच क्रम धरला. फंडाचा पत्ता कार्यालयात बदलून झालाच होता, मग विमा, मग गॅस. दुकानातल्या मुलाने उघडलेली जीमेलची पेटी त्यांनी नवा पासवर्ड ठेवून साइन-अपसाठी राखली, कारण तिचा पत्ता आधीच सगळ्या दुकानांकडे होता, आणि मुख्य पत्ता कोरा, नवा घेतला. जुन्या पेटीतला रिकव्हरी ईमेल बदलताना त्यांना कळलं की तिथे अजून त्या मुलाचाच पत्ता होता. तो काढला. तरी गुगल पुढचे 7 दिवस जुन्या रिकव्हरी पत्त्यावरही पडताळणीचे कोड पाठवू शकतं, म्हणून तेवढे दिवस त्यांनी त्या पेटीतले सुरक्षेचे इशारे रोज उघडून पाहिले.